तोटीच्या बुडाखालचा तो नंबर कसला?

तेलाच्या बाटलीला लावायची आमची तोटी उलटी करून बघितलीत तर बुडाला एक नंबर कोरलेला दिसेल, त्याच्या आधी ‘पेटंट’ असा शब्द. या नंबरावरून आम्हाला जेवढे प्रश्न येतात तेवढे तोटीवरूनसुद्धा येत नाहीत. हे सरकारने पास केलंय का, हे क्वालिटीचं सर्टिफिकेट आहे का, आणि बाजारात हुबेहूब अशीच तोटी दिसतेय तर तुम्ही गप्प का बसलात. म्हटलं ज्याने ही तोटी काढली त्यानेच एकदा सगळं लिहून टाकावं, म्हणजे मीच.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी शास्त्रज्ञ वगैरे अजिबात नाही. प्लास्टिकचे साचे जिथे बनतात त्या टूलरूममध्ये मी सतरा वर्षं काढली, दुसऱ्यांच्या डिझाइनचे साचे घासायचे, पॉलिश करायचे, पहिला नग निघाला की तो कुठे अडकतोय ते बघायचं. मशीनला तेल घालायच्या बाटल्या आमच्या हातात दिवसभर असायच्या आणि प्रत्येक बाटली बाहेरून चिकट, खाली ठेवली की टेबलावर गोल डाग. माझा शोध म्हणजे त्या डागावरची चिडचिड, दुसरं काही नाही.

डाग का पडतो ते सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. धार जोरात असते तेव्हा तेल तोंडापासून सुटून सरळ खाली पडतं, पण ओतणं थांबवताना धार मंदावते आणि तेल प्लास्टिकला चिकटणारं असल्यामुळे शेवटचा थेंब काठ ओलांडून मागे वळतो आणि बाटलीच्या अंगावरून ओघळतो. किटलीच्या तोंडाचंही असंच होतं. यावरचा जुना उपाय म्हणजे तोटीभोवती एक गोल चर ठेवायचा, ओघळ त्यात पडतो आणि चराच्या तळाला असलेल्या छिद्रातून परत बाटलीत जातो. कपडे धुवायच्या लिक्विडच्या बाटल्यांना तुम्ही हे बघितलं असेल.

घट्ट तेलाला मात्र ते नीट चालत नाही. छिद्रात तेलाचा पडदा बसून राहतो, आणि ओतताना बाटलीत हवा शिरायची वाटही तीच असते, मग हवेला वाट मिळत नाही, बाटली गुडगुड करते, धक्क्याधक्क्याने ओतते आणि त्या धक्क्यात तेल चराबाहेर उडतं. मी एवढंच केलं की तोटीच्या मागच्या बाजूला हवेसाठी एक वेगळी बारीक नळी दिली आणि तिचं तोंड चराच्या काठापेक्षा उंच ठेवलं, म्हणजे चर भरला तरी तेल त्या नळीत उतरणार नाही. तेल त्याच्या वाटेने, हवा तिच्या वाटेने.

नक्की पेटंट कशाचं आहे?

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. लोकांना वाटतं आमच्याकडे ‘न ठिबकणाऱ्या तोटी’चं पेटंट आहे. नाही. पेटंट कल्पनेला किंवा वस्तूच्या नावाला मिळत नाही, ते मिळतं क्लेमला. पेटंटच्या कागदात पानंच्या पानं वर्णन असतं, आकृत्या असतात, पण हक्काची हद्द ठरते ती क्लेम नावाच्या काही वाक्यांनी, जमिनीच्या उताऱ्यापेक्षा मोजणीच्या नकाशाला जसं महत्त्व तसं समजा.

माझ्या अर्जातला पहिला क्लेम साध्या भाषेत असा होता: एक तोटी, तिच्याभोवती चर, चराचा तळ उतरता, आणि उताराच्या खालच्या टोकाला परतीचं छिद्र. हवेची नळी मी खाली कुठेतरी, जादा सोय म्हणून टाकली होती. पेटंट ऑफिसात अर्ज तपासणाऱ्या एक्झामिनरने जुनी कागदपत्रं शोधून एक असं पेटंट पुढे ठेवलं ज्यात या चारही गोष्टी आधीच होत्या, आणि लिहिलं की यात नवीन काही नाही. मला राग आला, पण आकृती बघितली तर माणूस बरोबर होता, माझ्या चरापेक्षा त्याचा चर नीटनेटका काढलेला होता. मग माझ्या पेटंट एजंटने नळी वर आणून पहिल्याच क्लेममध्ये घातली, पाचवी गोष्ट म्हणून, काठापेक्षा उंच तोंडासकट. हद्द लहान झाली, पण जी उरली ती आमची झाली.

नुसतं नवीन असून पण भागत नाही बरं का. त्या कामातल्या साधारण जाणकाराला सहज सुचणार नाही असं काहीतरी त्यात असावं लागतं. याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे मागे रबर असलेली पेन्सिल. अमेरिकेत हायमन लिपमन या माणसाने १८५८ मध्ये तिचं पेटंट घेतलं, पुढे ते जोसेफ रेकेंडॉर्फरला विकलं, आणि रेकेंडॉर्फरने फेबर या पेन्सिलवाल्यावर दावा लावला. १८७५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पेटंटच रद्द ठरवलं, कारण पेन्सिल आधी लिहायची तशीच लिहितेय, रबर आधी खोडायचं तसंच खोडतंय, दोन्ही एकत्र आल्यामुळे तिसरं नवीन असं काही घडत नाहीये. आम्ही एक्झामिनरला नेमकी उलटी गोष्ट समजावली की नळी आली म्हणून चराचं काम बदलतं, नळीशिवाय तोच चर घट्ट तेलाला फेल जातो. ते त्याला पटलं. अर्ज केल्यापासून मंजुरीपर्यंत चार वर्षं गेली.

हुबेहूब दिसते, पण?

मध्यंतरी एका ग्राहकाने फोटो पाठवला, रंग तोच, उंची तीच, चर तोच. आम्ही ती तोटी मागवली आणि हॅक्सॉ ब्लेडने उभी कापली. आत नळीच नव्हती, मागच्या बाजूला नळीसारखा नुसता एक भरीव फुगवटा दिला होता, दिसायला आमच्यासारखं. पाचातल्या चार गोष्टी होत्या, पाचवी नव्हती. म्हणजे आमच्या पेटंटच्या हद्दीत ती येत नाही आणि आम्ही काही करू शकत नाही. रंगरूप ढापणं हा वेगळा विषय, त्यासाठी डिझाइनची वेगळी नोंदणी असते आणि ती आम्ही केली नव्हती, चूक आमचीच.

उलट समजा कोणी पाचही गोष्टी घेतल्या पण तोटी प्लास्टिकऐवजी पत्र्याची केली, तर ती हद्दीत येते, कारण क्लेममध्ये प्लास्टिक हा शब्दच नाही. वरून झाकण जोडलं तरी येते, जादा काहीतरी जोडल्याने सुटका होत नाही. आणि कोणी नळीचं तोंड काठाच्या बरोबरीत ठेवलं तर? तिथे वकिलांचं काम सुरू होतं, आणि उत्तर देशागणिक वेगळं येऊ शकतं.

याची एक गंमत अजून आहे. उद्या कोणी आमच्या तोटीत गाळणी बसवली, ती खरंच हुशारीची असली, तर गाळणीवाल्या तोटीचं पेटंट त्याला मिळू शकतं. तरी आमच्या परवानगीशिवाय त्याला ती विकता येणार नाही आणि त्याच्या परवानगीशिवाय आम्हालाही गाळणी घालता येणार नाही. कारण पेटंट म्हणजे बनवायचा परवाना नाही, दुसऱ्याला अडवायचा हक्क आहे, तोही जिथे पेटंट घेतलंय त्या देशापुरता. अडवायला पोलीस येत नाहीत, नोटीस आपणच पाठवायची आणि कोर्टात आपणच जायचं.

आता वरच्या प्रश्नांची उत्तरं तुम्हीच देऊ शकाल. पेटंट ऑफिसने आमची तोटी हातात धरून तेल ओतून बघितलेलं नाही, त्यांनी कागद बघितले, आधीचं काय आहे ते बघितलं. त्यामुळे ‘पेटंटेड’ म्हणजे ‘उत्तम’ असं समजू नका, आमच्या बाबतीतसुद्धा नको. कशावर ‘पेटंट पेंडिंग’ लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ अर्ज टाकलाय, मिळालेलं नाही, कदाचित मिळणारही नाही.

एक दुखरी गोष्ट सांगतो. या तोटीच्या आधी मी एका हाताने उघडणारं झाकण केलं होतं. इतका खूश होतो की पंचवीस नग ओळखीच्या लोकांना वाटले, वापरून सांगा म्हणून, आणि आठ महिन्यांनी एजंटकडे गेलो. त्याचा पहिला प्रश्न, कोणाला दाखवलंय का. काही देशांत स्वतः उघड केल्यावर वर्षभराची सवलत असते, बऱ्याच ठिकाणी नसते, किंवा असली तरी फार अडचणीची असते. अर्जाच्या आधी गोष्ट बाहेर पडली की ती नवीन उरत नाही, शोधकर्त्यानेच बाहेर काढली असली तरी. ते झाकण आज कोणीही बनवू शकतं.

आमचं पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तेसुद्धा ठरलेली फी वेळेवर भरत राहिलो तर. मंजुरीत गेलेली चार वर्षं त्यातलीच. त्यानंतर नळीसकट सगळं सगळ्यांचं. वेल्क्रोचं तसंच झालं, स्वित्झर्लंडचे इंजिनिअर जॉर्ज द मेस्ट्राल यांनी कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी बोंडं मायक्रोस्कोपखाली बघून ती हूक आणि फाशांची पट्टी काढली, १९५० च्या दशकात पेटंट घेतली, सत्तरच्या दशकात ती संपली आणि आज बॅगेपासून बुटापर्यंत कितीतरी कंपन्यांच्या तशा पट्ट्या असतात. वेल्क्रो हे नाव मात्र ट्रेडमार्क आहे, ते संपलेलं नाही, म्हणून बाकीच्यांना पाकिटावर दुसरं काहीतरी लिहावं लागतं.

तुम्ही घेतलेली तोटी तुमची. ती विका, दुरुस्त करा, कापून बघा, पेटंटचा त्याच्याशी काही संबंध नाही. बुडाचा नंबर गूगल पेटंट्सवर टाकलात तर आमचा अख्खा कागद फुकट वाचता येईल, आधी आकृती बघा, मग थेट पहिला क्लेम, मधलं वर्णन अडलं तरच वाचा. आणि आकृतीत जी नळी दिसते ना, ती महिन्यातून एकदा गरम साबणाच्या पाण्यात बुडवून फुंकर मारून मोकळी करा, तिच्यात कचरा बसला तर तुमच्या हातात पाचवी गोष्ट नसलेलीच तोटी राहील.