बिअरमधला लोण्याचा वास: संशय जीवाणूवर, हात यीस्टचा

बिअर आंबूस लागते आणि तिला लोण्याचा वासही येतो, हा दोष एकोणिसाव्या शतकातल्या ब्रुअरांना चांगलाच ठाऊक होता. सूक्ष्मदर्शकाखाली अशा बिअरमध्ये चार-चारच्या पुंजक्यांत राहणारे गोल जीवाणू दिसत. त्यांना तेव्हा ‘सार्सिना’ म्हणत, आज पेडिओकॉकस म्हणतात. 1876 साली लुई पाश्चर यांचा बिअरवरचा ग्रंथ आला. बिअर नासते ती परक्या सूक्ष्मजीवांमुळे, हे त्यातून ठसले. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. भांडी आणि यीस्ट स्वच्छ ठेवले की दोष जाईल, अशी अपेक्षा त्यामुळे रास्तच होती.

आंबटपणा बऱ्याच अंशी आटोक्यात आला, पण लोण्याचा वास निर्मळ बिअरमध्येही येत राहिला. हा वास डायअ‍ॅसिटिल या रसायनाचा. पेडिओकॉकस ते तयार करतो हे खरे, पण पुढे कळले की यीस्टसुद्धा ते दरवेळी तयार करते. व्हॅलीन हे अमिनो आम्ल बनवताना यीस्टमधून अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट बाहेर झिरपते. त्याला स्वतःचा वास नसतो. बिअरमध्ये सावकाश त्याचे डायअ‍ॅसिटिल होते, मग यीस्टच ते परत आत घेऊन जवळजवळ बेचव पदार्थात बदलते. घोळ होतो तो घाईमुळे. यीस्ट लवकर काढून टाकले, तर अ‍ॅसिटोलॅक्टेट बिअरमध्ये तसेच उरते. भरताना बिअर स्वच्छ लागते आणि काही आठवड्यांनी बाटलीत लोणी दरवळते.

म्हणून लागर, म्हणजे गारव्यात आंबणारी बिअर, 10 ते 12 अंशांवर आंबवणारे ब्रुअर आंबणे संपत आले की तापमान 15 ते 18 अंशांवर नेतात आणि दोन-तीन दिवस तसेच ठेवतात. उबेत अ‍ॅसिटोलॅक्टेट लवकर बदलते आणि यीस्टही जोमात असते.

काम झाले का, हे नाकाने कळते. बिअरचे दोन नमुने घ्या. एक झाकून 60 अंशांच्या पाण्यात साधारण वीस मिनिटे ठेवा, दुसरा गार राहू द्या. दोन्ही एकाच तापमानावर आणून हुंगा. फक्त तापवलेल्याला लोण्याचा वास आला, तर अ‍ॅसिटोलॅक्टेट शिल्लक आहे. दोन्हींना आला, तर डायअ‍ॅसिटिल अजून संपलेले नाही. दोन्ही वेळा यीस्ट काढू नका, थांबा. एकालाही वास नसेल, तर बिअर गार करायला हरकत नाही.

या चाचणीला एक मर्यादा आहे. आत शिरलेला, पण अजून न वाढलेला पेडिओकॉकस ती पकडू शकत नाही. बाटलीत वासासोबत आंबटपणा आणि गढूळपणाही वाढत असेल, तर संशय पुन्हा जुन्या सार्सिनावर. तिथे थांबून भागत नाही, नळ्या आणि टाक्या धुवायला लागतात.

स्कंक या घाणेरडा वास सोडणाऱ्या प्राण्यासारखी दुर्गंधी मात्र या दोघांपैकी कुणाचीच नाही. उजेडात हॉप्स या बिअरमध्ये घालायच्या फुलांमधल्या कडू घटकांचे विघटन होऊन गंधकयुक्त संयुग बनते. त्यावर उपाय तपकिरी बाटली किंवा अंधार.