होटगी रोडवरचे २७३ मीटर

नववीतल्या भाच्याने वेग-काल आलेखाचं गणित सोडवून माझ्यापुढे वही धरली. उत्तर बरोबर होतं. मी विचारलं, "रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर कसं काय?" तो म्हणाला, "मामा, तसंच असतं. सरांनी सांगितलंय." मग रविवारी पहाटे त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि होटगी रोडला लागून एक सरळ, रिकामा रस्ता आहे तिथं गेलो.

गाडी मी चालवली. त्याने माझ्या खांद्यावरून मोबाइल धरून स्पीडोमीटरचा व्हिडिओ घेतला. व्हिडिओत वेळही मिळते, हा त्याचा फायदा. थांबलेल्या गाडीने पहिल्या १० सेकंदांत ३६ किमी प्रतितास वेग गाठला, २० सेकंद तोच राखला आणि मग ५ सेकंदांत ब्रेक लावून ती थांबली. घरी येऊन त्याने आलेख काढला: चढती तिरकी रेष, आडवी रेष, उतरती रेष. दोन त्रिकोण आणि मधे एक आयत. बेरीज आली ९९०.

"९९० काय?" म्हटल्यावर तो अडला. आडव्या अक्षावर सेकंद होते आणि उभ्यावर किलोमीटर प्रतितास. त्यांचा गुणाकार मीटरही नाही आणि किलोमीटरही नाही. पाच छेद अठराने गुणल्यावर ३६ चे १० मीटर प्रतिसेकंद झाले आणि आकृतीला अर्थ आला. मधला आयत बघा. १० मीटर प्रतिसेकंद वेगाने गाडी दर सेकंदाला १० मीटर जाते, म्हणजे आलेखावरची एक सेकंद रुंदीची उभी पट्टी म्हणजे रस्त्यावरचे १० मीटर. अशा २० पट्ट्या, म्हणून २०० मीटर. तिरक्या रेषेखाली पट्ट्यांची उंची वाढत जाते, पण पट्टी पुरेशी अरुंद घेतली तर तेवढ्या वेळात वेग जवळजवळ बदलत नाही आणि तीही एक बारीक आयतच ठरते. सगळ्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या की त्रिकोण भरतो. चढाचे ५० मीटर, उताराचे २५. एकूण २७५.

आता ताळा. सायकलच्या पुढच्या चाकाला सोलापुरी चादरीच्या दशीतला लाल धागा बांधला. चाकाची एक फेरी टेपने मोजली, २.१ मीटर भरली. गाडी जिथून निघाली तिथपासून जिथं थांबली तिथपर्यंत सायकल ढकलत नेली आणि धागा किती वेळा खाली येतो ते मोजलं. १३० फेऱ्या, म्हणजे २७३ मीटर. भाचा उड्या मारायला लागला. मलाही आनंद झाला, पण रात्री व्हिडिओ पुन्हा पाहताना शंका आली.

सुरुवातीच्या १० सेकंदांची आम्ही फक्त दोन टोकं घेतली होती आणि मधे पट्टी ठेवून सरळ रेष ओढली होती. दर दोन सेकंदांनी व्हिडिओ थांबवून वेग लिहिला तेव्हा दिसलं: ०, १२, २१, २८, ३३, ३६. गाडी आधी झपाट्याने वेग घेते, नंतर हळूहळू. म्हणजे खरी रेष सरळ नाही, वर फुगलेली आहे, आणि आमच्या त्रिकोणाने तो फुगवटा कापून टाकला होता. दोन-दोन सेकंदांचे समलंब चौकोन करून बेरीज केली तर ५० ऐवजी ६२ मीटर येतात. एकूण २८७. आलेख जास्त चांगला काढला आणि उत्तर खऱ्यापासून १४ मीटर लांब गेलं!

अशा वेळी आकडे मागे घेऊन २७५ वर समाधान मानण्याचा मोह होतो. पण फुगवटा व्हिडिओत स्पष्ट दिसत होता, तेव्हा चूक दुसरीकडे असणार. संशय स्पीडोमीटरवर होता. खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये म्हणून हे काटे थोडा जास्तच वेग दाखवतील असे बनवतात. पुढच्या रविवारी सायकलनेच दोन खांबांमधलं २०० मीटर अंतर मोजून घेतलं आणि काटा ३६ वर स्थिर ठेवून ते पार केलं. २० सेकंद लागायला हवे होते. लागले २१.

म्हणजे काटा ३६ दाखवतो तेव्हा गाडी साधारण ३४.३ ने जात असते. सगळ्या आलेखाची उंची त्याच प्रमाणात, एकविसाला वीस अशी, कमी केली. २८७ चे झाले २७३.

पहिल्या दिवशी दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या होत्या: त्रिकोणाने अंतर कमी दाखवलं आणि काट्याने वाढवलं. ब्रेकच्या ५ सेकंदांची मात्र आम्ही अजून दोनच टोकं घेतली आहेत. तिथली रेष सरळच आहे की कशी, हे बघायला भाच्याने व्हिडिओचा तेवढा तुकडा वेगळा काढून ठेवला आहे.