‘उष्णतेनं होतं’ म्हणून थांबू नका

‘डाव्या गोटीत दुखतंय. मित्र म्हणतात उष्णता झालीय, सब्जा पी. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते, काय बोलू?’

सब्ज्यानं हे दुखणं जात नाही. मार, जंतुसंसर्ग, हर्निया, मुतखडा यांपैकी काहीही कारण असू शकतं. सर्वांत घाईचं म्हणजे वृषणाला, म्हणजे गोटीला, पीळ पडणं. वृषण ज्या दोरीसारख्या नळीवर लटकतं तीच पिळते आणि रक्तपुरवठा तुटतो. साधारण 6 तासांत शस्त्रक्रियेनं पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचतं, पुढे शक्यता झपाट्यानं कमी होते. दुखणं अचानक उठतं, उलटी होते, ती बाजू वर ओढल्यासारखी दिसते. असं असेल तर वाक्यं जुळवत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. कळ मध्येच थांबली तरी जा, पीळ सुटून पुन्हा पडू शकतो.

लाजेपोटी बरेच जण नुसतं ‘पोटात दुखतंय’ म्हणतात. वृषणाची कळ ओटीपोटात जाते, त्यामुळे डॉक्टरही पोटच तपासतात आणि वेळ जातो. म्हणून पहिलंच वाक्य हे ठेवा: ‘डॉक्टर, पहाटे 4 पासून डाव्या अंडकोषात दुखतंय, अचानक सुरू झालं, एकदा उलटी झाली.’ सूज, ताप, लघवीची जळजळ, लागलेला मार, लैंगिक संबंध हे ते विचारतीलच. खरं तेच सांगा.