किलोज्यूल आणि किलोकॅलरीचा आकडा सारखाच का धरतात?

पॉवर मीटर लावून सायकल चालवणाऱ्यांमध्ये एक सोयीचा हिशेब रूढ आहे. राइड संपल्यावर मीटरने जेवढे किलोज्यूल दाखवले, तेवढ्याच किलोकॅलरी खर्च झाल्या असं धरायचं. शाळेत शिकलेलं आठवलं की हे खटकतं, कारण एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. मग मधला चार-साडेचारचा गुणक जातो कुठे?

तो शरीरातच जातो. मीटर मोजतो ते फक्त पेडलवर पोहोचलेलं काम. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी बहुतांश भाग उष्णता होऊन निघून जातो आणि साधारण पाचवा हिस्सा, फार तर चौथा, कामाला लागतो. या प्रमाणाला सकल कार्यक्षमता म्हणतात. ती २३.९ टक्के असेल, तर ४.१८४ ने भागणं आणि ०.२३९ ने भागणं एकमेकांना रद्द करतात आणि आकडा जसाच्या तसा उरतो. ही जुळणी निव्वळ योगायोगाची आहे, तिच्यामागे निसर्गाचा कुठलाही नियम नाही.

उष्णता आणि यांत्रिक काम यांचं नातं जेम्स ज्यूल यांनी १८४०च्या दशकात प्रयोगांनी पक्कं केलं. माणसाच्या शरीराला हाच हिशेब लावायचा तर एकाच वेळी दोन गोष्टी मोजाव्या लागतात: केलेलं काम आणि श्वासातून घेतलेला ऑक्सिजन. बेनेडिक्ट आणि कॅथकार्ट यांनी ब्रेक लावलेल्या स्थिर सायकलवर नेमकं हेच केलं, आणि त्यांच्या मुख्य चाचण्या एका व्यावसायिक सायकलपटूवर झाल्या. १९१३ साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं तेव्हा त्यांच्यासमोर असलेला प्रश्न आजही सुटलेला नाही: स्वस्थ बसल्यावरही शरीर जी ऊर्जा खर्च करतं, ती वजा करायची की नाही? वजा केली तर निव्वळ कार्यक्षमता मिळते, न केली तर सकल. १९७५ मध्ये गेसर आणि ब्रूक्स यांनी या व्याख्यांची तुलना करून दाखवलं की व्याख्या बदलली की उत्तरही बदलतं. आपल्याला दिवसभराचा आहार जुळवायचा असतो, म्हणून सकल आकडाच उपयोगी.

ऑक्सिजनवरून किलोकॅलरी काढण्याचं सूत्र वीअर यांनी १९४९ मध्ये दिलं: दर मिनिटाला घेतलेले ऑक्सिजनचे लिटर गुणिले ३.९४१, अधिक सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचे लिटर गुणिले १.१०६. आता एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, एक सायकलपटू २०० वॅटवर स्थिरावला आहे. तो मिनिटाला २.८ लिटर ऑक्सिजन घेतो आणि २.५५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. सूत्राने मिनिटाला १३.८६ किलोकॅलरी येतात, म्हणजे सुमारे ९६६ वॅट. २०० भागिले ९६६ केलं की सकल कार्यक्षमता २०.७ टक्के.

असे दोन तास चालवले, तर मीटर १४४० किलोज्यूल दाखवेल. सोयीच्या हिशेबाने १४४० किलोकॅलरी, प्रत्यक्षात सुमारे १६६३. सव्वादोनशेची ही तूट मीटरच्या चुकीमुळे आलेली नाही, ती २३.९ टक्के गृहीत धरल्यामुळे आली. बहुतेकांची कार्यक्षमता २० ते २४ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे हे गृहीतक वरच्या टोकाचं आहे. त्यामुळे हा हिशेब बहुधा खर्च कमीच दाखवतो.

मोजणीची एक अट मात्र विसरू नये. वीअर यांचं सूत्र खरं ठरतं ते जोर स्थिर असताना, सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतलेल्या ऑक्सिजनपेक्षा कमी असताना. फार जोर लागला की लॅक्टेट साचतं, ऑक्सिजनशिवाय मिळालेली ऊर्जा मोजणीतून निसटते आणि कार्यक्षमता खोटी वाढलेली दिसते. म्हणूनच प्रयोगशाळेत काही मिनिटं एकाच वॅटवर चालवून मगच आकडा घेतात.

हे सगळं बराच काळ प्रयोगशाळेतच राहिलं. १९८६ मध्ये जर्मनीत उलरिख शोबेरर यांनी क्रँकमध्ये जोराने पडणारा ताण मोजणारे स्ट्रेन गेज बसवून एसआरएम नावाचा पॉवर मीटर आणला आणि रस्त्यावरचं कामही किलोज्यूलमध्ये मोजता येऊ लागलं. ऑक्सिजन मात्र रस्त्यावर कोण मोजणार? मग ती अर्धी बाजू गृहीत धरली गेली, आणि सारखा आकडा धरण्याची सवय लागली.

सवय सर्वाधिक फसवते ती संथ राइडला. समजा, विश्रांतीचा आणि रिकामे पाय फिरवण्याचा खर्च मिळून १५० वॅट आहे आणि त्यावरचं प्रत्येक अधिक वॅट चारपट ऊर्जा मागतं. मग २०० वॅटवर कार्यक्षमता २१ टक्के येते, पण ५० वॅटवर जेमतेम १४. उतारावर पाय थांबले की मीटर शून्य दाखवतो, शरीराचा खर्च चालूच राहतो. हिशेबात सरासरी वॅट घ्यावेत, तेही शून्यं धरून. जोराच्या टप्प्यांना जास्त वजन देणारी नॉर्मलाइज्ड पॉवर घेतली तर काम फुगून दिसतं, कारण तो आकडा ताणाचा अंदाज देतो, केलेल्या कामाचा नाही.