बागमती नदीचे प्रदूषण

नेपाळमध्ये आठवीच्या मुलांना 'नदी प्रदूषण' या विषयावर निबंध लिहायला सांगितला, तर काठमांडूच्या मुलाला उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. बागमती त्याच्या शहरातूनच वाहते.

ही नदी काठमांडू खोऱ्याच्या उत्तरेला शिवपुरी डोंगरावर बागद्वार येथे उगम पावते. खाली सुंदरीजलपर्यंत तिचे पाणी नितळ असते. इथेच पहिली अडचण सुरू होते, आणि ती घाणीची नाही. शहराला पिण्यासाठी नदीचे पाणी सुंदरीजललाच उचलले जाते. त्यामुळे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पात्रात फारच थोडी धार उरते. पुढे शहराचे सांडपाणी याच धारेत मिसळते. नेपाळीत सांडपाण्याच्या गटाराला 'ढल' म्हणतात. बागमतीचे निम्मे दुखणे या एका शब्दात आले.

सांडपाण्यातला मैला आणि खरकटे जिवाणू खातात. खाताना ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. सुंदरीजलच्या पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम प्राणवायू असतो. बहुतेक माशांना निदान 5 मिलिग्रॅम लागतो. शहर ओलांडताना कोरड्या दिवसांत तो जवळपास शून्यावर येतो. हे ओळखायला उपकरण लागत नाही. तळाचा गाळ काळा पडतो, त्यातून बुडबुडे वर येतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. पावसाळ्यात पाणी गढूळ होते, पण वास कमी होतो. तेवढ्याने नदी सुधारली असे नाही. घाण तेवढीच असते, फक्त ती जास्त पाण्यात पसरलेली असते.

पशुपतिनाथाच्या वरच्या अंगाला गुह्येश्वरी येथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. तिथले पाणी भुयारातून मंदिराच्या खाली तिलगंगेपाशी सोडण्याची सोय केली आहे. आर्यघाटावर अंत्यसंस्कार होतात, म्हणून तेवढा पट्टा जपायचा हा विचार. पण घाट वाचला म्हणून नदी वाचत नाही. तिलगंगेच्या खाली धोबीखोला आणि टुकुचा हे ओढे शहराची घाण घेऊन येतात. टेकूच्या संगमावर, म्हणजे तिथल्या बोलीत 'दोभाना'वर, विष्णुमती मिळते. तीही शहरातूनच आलेली असते. मग हे सगळे पाणी चोभारच्या अरुंद घळीतून दक्षिणेकडे जाते.

2013 सालापासून दर शनिवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, लोक काठावर जमून सफाई करतात. हातमोजे घालून ते गाळात रुतलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या ओढून काढतात. काठ त्यामुळे खरोखरच बदलला आहे. पाण्यात विरघळलेली घाण मात्र हाताने उचलता येत नाही. त्यासाठी काठाने वाहिन्या टाकून ढलाचे पाणी नदीबाहेरच अडवावे लागते, ते शुद्धीकरण केंद्रापर्यंत न्यावे लागते आणि कोरड्या महिन्यांत वरून थोडे स्वच्छ पाणी नदीसाठी सोडावे लागते.