उलटा वक्र: सांगतो खरं, पण केव्हा ते सांगत नाही

शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बँक आहे. बाहेरच्या फलकावर वर कन्नड, खाली मराठी आणि मधे ठेवींचे दर. २०२४ मध्ये त्यावर ४४४ दिवसांसाठी सव्वासात टक्के आणि पाच वर्षांसाठी साडेसहा, असं लिहिलेलं होतं. शेजारचे मामा ठेव नवी करायला गेले आणि फलकापाशीच थबकले. "पाच वर्षं पैसे अडकवायचे आणि व्याज कमी? हे उलटंच की!"

मामांनी नेमकं बोट ठेवलं होतं. मुदतीप्रमाणे व्याजदर मांडून काढलेली रेषा म्हणजे वक्र. जास्त मुदतीला जास्त व्याज, हा सरळ वक्र. अल्प मुदतीचा दर दीर्घ मुदतीच्या वर गेला की वक्र उलटतो. फलकावरचे दर बँक ठरवते, सरकारी रोख्यांचे दर मात्र बाजारातल्या खरेदी-विक्रीतून ठरतात. म्हणून जगभरचे लोक बघतात ते अमेरिकी सरकारच्या दोन आणि दहा वर्षांच्या रोख्यांतला फरक.

त्या फरकात काय दडलेलं असतं ते एका हिशेबातून कळतं. २०२३च्या जुलैच्या सुरुवातीला दोन वर्षांचा दर सुमारे ४.९४ टक्के होता आणि दहा वर्षांचा ३.८६. दहा वर्षांची दर वर्षी ३.८६ म्हणजे एकूण ३८.६. त्यातून पहिल्या दोन वर्षांचे ९.८८ वजा केले की उरतात २८.७२, आणि ते आठ वर्षांत वाटले तर वर्षाला साधारण ३.६ येतात. म्हणजे तेव्हा पाचाच्या आसपास असलेलं व्याज पहिल्या दोन वर्षांनंतरच्या आठ वर्षांत सरासरी ३.६ वर येईल, असं बाजार म्हणत होता. (चक्रवाढ आणि दीर्घ मुदतीच्या जोखमीचा मोबदला इथे सोडून दिला आहे.) मध्यवर्ती बँक व्याज इतकं उतरवते ते बहुधा धंदा मंदावल्यावर. म्हणूनच उलट्या वक्राला मंदीची चाहूल म्हणतात. कॅम्पबेल हार्वे यांनी १९८६ साली शिकागो विद्यापीठातल्या प्रबंधात वक्राचा आकार आणि पुढची आर्थिक वाढ यांचा संबंध दाखवला, तेव्हापासून या खुणेकडे लक्ष वाढलं.

आता तो हिशेब पुन्हा बघा. आठ वर्षांची *सरासरी* ३.६ आली. व्याज पहिल्याच वर्षी कोसळेल की पाचव्या, हे त्यात कुठेच नाही. वेळ चुकते ती इथेच.

२००५चं उदाहरण घेऊ. २७ डिसेंबरला दोन-दहाचा वक्र उलटला तेव्हा एस अँड पी ५०० हा अमेरिकी निर्देशांक साधारण १,२५६ वर होता. समजा, एकाने त्याच दिवशी सगळं विकलं. त्यानंतर २००६च्या मध्यातली थोडी घसरण सोडली तर निर्देशांक चढत गेला आणि ९ ऑक्टोबर २००७ला १,५६५ वर बंद झाला. जवळपास पंचवीस टक्के चढ, आणि हा गडी बाहेर उभा. अधिकृत मंदी डिसेंबर २००७ पासून मोजली जाते, म्हणजे इशाऱ्यानंतर दोन वर्षांनी. त्या शिखरानंतर निर्देशांक पुन्हा १,२५६च्या खाली बंद झाला तो जुलै २००८ मध्ये. मार्च २००९ला तो ६७६ पर्यंत घसरला तेव्हा विकणारा पुरता बरोबर ठरला, पण त्यासाठी त्याला जवळपास अडीच वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांचा नफा बघत बसावं लागलं. मला नाही वाटत फारसे लोक तितके थांबले असतील.

यात एक खोच आहे. २००७च्या मध्यात वक्र पुन्हा सरळ झाला होता, आणि शिखर व पडझड त्याच्या नंतरची. मंदी जवळ आल्यावर मध्यवर्ती बँक व्याज कापते, त्यामुळे अल्प मुदतीचे दर आधी खाली येतात आणि वक्र सुलटतो. तेव्हा "सुलटला, संकट टळलं" असं म्हणणं घाईचं.

सुलटल्यावर पडझड होतेच, असंही नाही. जुलै २०२२ पासून वक्र दोन वर्षांहून जास्त उलटा राहिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुलटला. त्या काळात मंदी आली नाही. एस अँड पी मात्र सुमारे ३,८०० वरून ५,४०० वर गेला. १९६६ साली वक्र उलटला तेव्हाही वाढ नुसती मंदावली होती. मुळात मंद्याच बोटांवर मोजण्याइतक्या. तेवढ्यावरून "सरासरी इतके महिने" असा आकडा काढता येतो, पण तो सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत पसरलेल्या अंतरांवर बसवलेला असतो.

आपल्याकडे तर वक्र उलटायचं कारणच वेगळं असू शकतं. जुलै २०१३ मध्ये घसरता रुपया सावरायला रिझर्व्ह बँकेने बँकांना तातडीने उसने देण्याचा दर १०.२५ टक्क्यांवर नेला. अल्प मुदतीचे दर उसळून दहा वर्षांच्या वर गेले. ही मंदीची भविष्यवाणी नव्हती, रुपयासाठी मुद्दाम आवळलेला पैसा होता. ऑगस्टअखेर निफ्टी साधारण ५,३०० पर्यंत उतरला, आणि मे २०१४ मध्ये ७,००० च्या वर होता. वक्र उलटलेला बघून ऑगस्टमध्ये विकणाऱ्याने तळाला विकलं.

मामांना मी एवढंच सांगितलं, की सव्वासात टक्के पाच वर्षं देण्याची बँकेची तयारी नाही, म्हणजे पुढे दर उतरतील असा तिचाही अंदाज दिसतो. ते म्हणाले, "कधी उतरतील ते सांग की." मग निम्मे पैसे ४४४ दिवसांसाठी आणि निम्मे पाच वर्षांसाठी ठेवून आले.