डाउनलोडआधीच फाइलचा आकार कसा काढायचा?

शिल्लक डेटा आहे ९०० एमबी आणि उतरवायचं आहे दीड तासाचं व्याख्यान. फाइल किती एमबीची, हे कुठेच लिहिलेलं नाही. पण बिटरेट आणि लांबी माहीत असेल, तर उत्तर तोंडी काढता येतं.

बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या चित्राला किंवा आवाजाला लागणारे बिट. फाइलचा आकार मात्र बाइटमध्ये मोजतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून बिटरेटला एकूण सेकंदांनी गुणायचं आणि आठाने भागायचं. या आठाचा विसर पडला की अंदाज आठपट फुगतो. लक्षात ठेवायला सोपा आकडा असा: सेकंदाला १ मेगाबिट या दराने तासाला ४५० एमबी होतात.

आता आपलं व्याख्यान घेऊ. चित्राचा बिटरेट १२०० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला १२०० किलोबिट, आणि आवाजाचा १२८. दोन्ही मिळून १३२८, म्हणजे १.३२८ मेगाबिट. याला ४५० ने आणि दीड तासाने गुणलं की साधारण ८९६ एमबी येतात. ९०० मध्ये बसलं, असं वाटेल; पण बसणार नाही. डेटा इंटरनेटवरून छोट्या पाकिटांत येतो. सुमारे १५०० बाइटांच्या पाकिटात निदान ४० बाइट पत्त्याचे आणि क्रमाचे असतात आणि तेही आपल्याच खात्यातून जातात. त्यापायी जवळपास तीन टक्के वाढतात, म्हणजे खर्च ९२० च्या पुढे. मी नेहमी पाच टक्के जास्तच धरतो.

गंमत म्हणजे, हीच फाइल एखाद्या यंत्रावर ८५५ एमबीची दिसेल. तिथे एक एमबी १००० ऐवजी १०२४ च्या पटीत मोजलेला असतो. फाइल आणि शिल्लक डेटा एकाच मापात मोजूनच तुलना करावी.

खरी अडचण बदलत्या बिटरेटची आहे. स्थिर फळ्यासमोर बोलणाऱ्या माणसाला कमी बिट पुरतात, तर धावत्या गर्दीला कितीतरी जास्त लागतात. त्यामुळे नुसतं ‘७२०पी’ वाचून आकार कळत नाही, सरासरी बिटरेटच हवा. छोट्या तुकड्यांत येणाऱ्या एचएलएस प्रकारच्या व्हिडिओसोबत त्या तुकड्यांची यादी असते; तिच्यात दोन आकडे असू शकतात: `BANDWIDTH` हा कमाल दर आणि `AVERAGE-BANDWIDTH` ही सरासरी. पहिलाच दिलेला असेल, तर येणारं उत्तर ही वरची मर्यादा समजावी. प्रत्यक्ष फाइल बरीच लहान निघू शकते. पहिल्या मिनिटावरून ताळा करायचा मोहही टाळावा, कारण सुरुवातीला बहुधा स्थिर शीर्षकं असतात आणि अंदाज कमी येतो.

व्याख्यान फक्त ऐकायचं असेल, तर ६४ केबीपीएसचा आवाज घ्या: ०.०६४ गुणिले ४५० गुणिले दीड, म्हणजे अवघे ४३ एमबी.